अंतर्गत समितीकडे आलेली मराठी तक्रार मोफत अनुवाद-साइटवर टाकली, तर तिच्या प्रती कुठे कुठे राहतात?

मढची_वाट

आमचं ऑफिस अंधेरीच्या एमआयडीसीत आहे. अंतर्गत समितीकडे लैंगिक छळाची एक तक्रार आली आहे. हाताने लिहिलेली चार पानं, सगळी मराठीत. समितीवरच्या बाहेरच्या सदस्यांना मराठी वाचता येत नाही. मुख्य कार्यालय महाराष्ट्राबाहेर आहे, त्यांनीही इंग्रजी प्रत मागितली आहे. एचआरमधल्या सहकाऱ्याने मजकूर टाइप करून घेतला आणि पहिली दोन पानं मोफत अनुवाद-साइटवर टाकून इंग्रजी काढलं, तेही स्वतःच्या रोजच्या ब्राउझरमधून. नावं, विभाग, तारखा सगळं जसंच्या तसं. उरलेली दोन पानं मी थांबवली आहेत.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. जी दोन पानं गेली, ती आता कुठे कुठे आहेत आणि त्यातली किती पुसता येतील? आणि उरलेल्या दोन पानांचं इंग्रजी कसं करावं? समितीची सचिव म्हणून उत्तर मलाच द्यायचं आहे, म्हणून "काळजी घ्या" एवढ्यावर भागणार नाही. कृपया तपशिलात सांगा.

---

गोरेगावकर_७

इन्कॉग्निटोमध्ये करायचं होतं. खिडकी बंद केली की सगळं गेलं. शिवाय साइटला कुलूप असतं, म्हणजे मधे कोणी वाचू शकत नाही. उरलेली दोन पानं तशी करून टाका.

---

चिंचपोकळी

मला वाटतं बाऊ होतोय. रोज कोट्यवधी लोक काय काय टाकतात त्या खोक्यात. तुमची चार पानं कोण शोधत बसणार?

---

जाळेवाला

गोरेगावकर, तुमचं निम्मं बरोबर आहे. कुलूप म्हणजे वाटेत कोणी वाचणार नाही, एवढंच. पलीकडच्या टोकाला मजकूर उघडाच पोचतो, नाहीतर त्याचा अनुवाद होणार कसा? इन्कॉग्निटोने आपल्या यंत्रावरची हिस्टरी राहत नाही आणि लॉगिन केलं नसेल तर खात्यातही नोंद होत नाही. हे दोन्ही फायदे खरे आहेत. पण मजकूर जिथे जायचा तिथे जातोच.

मढची वाट, साइट कुठली ते तुम्ही लिहिलेलं नाही. सगळ्यात जास्त वापरलं जातं ते गुगल ट्रान्सलेट, म्हणून त्यावर सांगतो. दुसरी साइट असेल तर ठिकाणं तीच, बटणं वेगळी.

पहिली प्रत ब्राउझरच्या पत्त्यात असते, आणि ही बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. डावीकडच्या खोक्यात नुसतं "पगार" लिहा आणि वरच्या पत्त्याकडे बघा. तो पत्ता कॉपी करून कुठे चिकटवला तर असा दिसतो:

```
https://translate.google.com/?sl=mr&tl=en&text=%E0%A4%AA%E0%A4%97%E0%A4%BE%E0%A4%B0&op=translate
```

`text=` च्या पुढे जे आहे ते "पगार" आहे, फक्त टक्क्यांच्या खुणांत. म्हणजे तुम्ही टाकलेला मजकूर पत्त्याचा भाग होतो, आणि पत्ता ब्राउझरच्या हिस्टरीत जातो. हिस्टरीच्या यादीत नुसतं "Google Translate" असं शीर्षक दिसतं, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. पण ती नोंद उघडली की खोक्यात मजकूर परत हजर. क्रोममध्ये सिंक चालू असेल तर हीच हिस्टरी त्या सहकाऱ्याच्या घरच्या लॅपटॉपवर आणि फोनवरही जाते. मजकूर फार लांब असेल तर तो पूर्ण पत्त्यात आला आहे की तुटला आहे, हे नोंद उघडूनच बघावं लागेल.

दुसरी प्रत खात्यात. लॉगिन असताना केलेले अनुवाद गुगलच्या My Activity मध्ये जमा होऊ शकतात. ट्रान्सलेटच्या पानावर खाली "History" आहे, तिथे दिसतात. खोक्याची मर्यादा ५,००० अक्षरांची आहे, आणि दाट लिहिलेली दोन टाइप पानं त्याहून जास्त भरतात. म्हणजे सहकाऱ्याने तुकडे करून टाकलं असणार. एकच नोंद पुसून थांबू नका, सगळे तुकडे शोधा. कोणी ताऱ्यावर टिचकी मारून वाक्य जपलं असेल तर ते "Saved" मध्ये वेगळं असतं, हिस्टरी पुसली तरी ते राहतं.

तिसरी प्रत ऑफिसच्या नेटवर्कवर असू शकते. कंपनी वेब-ट्रॅफिक उघडून तपासत असेल, बऱ्याच मोठ्या कंपन्या तपासतात, तर तिथल्या नोंदींत काय राहतं हे आयटीला विचारायला हवं. पण विचारताना तो मजकूर त्यांना दाखवू नका. "अमुक दिवशी अमुक वेळेत या साइटवर गेलेल्या मजकुराची प्रत आपल्याकडे राहते का?" एवढंच विचारा.

चौथी प्रत साइटच्या सर्व्हरवर. ती आपल्या हातात नाही. मोफत सेवेला गुगलच्या सर्वसाधारण अटी लागतात, आणि त्यांत सेवा चालवण्यासाठी व सुधारण्यासाठी मजकूर वापरण्याचा परवाना आपण दिलेला असतो. खात्यातली नोंद पुसणं म्हणजे आपल्याला दिसणारी नोंद पुसणं. त्यापलीकडचं काही मी छातीठोकपणे सांगणार नाही.

---

शब्दवेल्हाळ

चिंचपोकळी, "कोण शोधत बसणार" याचं उत्तर २०१७ साली नॉर्वेत मिळालं. तिथल्या एनआरके या सरकारी प्रसारण संस्थेने बातमी दिली की Translate.com या मोफत साइटवर लोकांनी टाकलेला मजकूर साध्या गुगल शोधात सापडतो आहे. स्टॅटऑइल या तेल कंपनीशी संबंधित कागद त्यात होते. बडतर्फीची पत्रं, करार, पासवर्डसुद्धा. ऑस्लोच्या शेअर बाजाराने त्यानंतर आपल्या कर्मचाऱ्यांसाठी अशा साइट बंद केल्या.

ते कसं घडलं हे महत्त्वाचं आहे, कारण कोणी हॅकिंग केलेलं नव्हतं. यंत्राचा अनुवाद माणसांकडून सुधारून घ्यायचा म्हणून ती साइट काही मजकूर स्वयंसेवक अनुवादकांसमोर ठेवत असे. ती पानं उघडी होती, आणि शोधयंत्रांनी ती नोंदवून घेतली. म्हणजे कोणी मुद्दाम शोधत बसलं नव्हतं, यंत्राने आपोआप गोळा केलं. टाकणाऱ्यांना याचा पत्ताच नव्हता.

---

चिंचपोकळी

हे माहीत नव्हतं. पण ती छोटी साइट, गुगलचं तसं नाही ना?

---

शब्दवेल्हाळ

गुगल ट्रान्सलेटमधून तसं उघड्यावर आल्याचं मी म्हणत नाही. पण "अनुवाद ऑनलाइन" असं शोधून जी पहिली साइट येते तिच्यात मजकूर टाकणारे खूप आहेत. त्यांतल्या कित्येक साइट म्हणजे आत दुसऱ्याच कोणाचं यंत्र आणि बाहेर जाहिराती. मजकूर मधल्या दुकानदाराकडेही जातो आणि मागच्या घाऊक व्यापाऱ्याकडेही.

मढची वाट, म्हणून आधी नक्की कुठल्या साइटवर टाकलं ते विचारा. "गुगलवर केलं" असं सगळेच सांगतात. हिस्टरीत पत्ता बघा.

---

सोसायटी_सेक्रेटरी_दहिसर

आमच्या संस्थेला उपनिबंधक कार्यालयाकडून मराठी पत्र आलं आहे, समितीतल्या दोघांना मराठी येत नाही. पत्रात थकबाकीदारांची नावं, फ्लॅट नंबर, रकमा आहेत. हे टाकलं तर चालेल का? आणि मराठीसाठी कुठलं ॲप जास्त चांगलं भाषांतर करतं?

---

शब्दवेल्हाळ

दहिसरकर, ॲपच्या दर्जाचा प्रश्न वेगळा आहे, त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहीन. तुमच्या पत्राचं सोपं आहे. कार्यालयाने काय कळवलं, कधीपर्यंत उत्तर द्यायचं, हा मसुदा निराळा आणि थकबाकीदारांचा तक्ता निराळा. तक्त्याला अनुवाद लागतच नाही, नाव आणि आकडा कोणालाही वाचता येतो. तक्ता बाजूला काढा, संस्थेचं नाव आणि जावक क्रमांक काढा, उरलेला परिच्छेद टाकला तर फारसं बिघडत नाही.

---

सोसायटी_सेक्रेटरी_दहिसर

हे सुचलंच नव्हतं, संपूर्ण पत्राचा फोटो काढून ॲपला दाखवणार होतो. आभार.

---

गोरेगावकर_७

मग मढची वाट यांनीही नावं बदलून टाकावं की. Replace All मारलं की एका मिनिटाचं काम.

---

शब्दवेल्हाळ

मराठीत Replace All हा मोठा धोका आहे. इंग्रजीत नाव बदलत नाही, मराठीत नावाला विभक्ती लागते आणि काही वेळा नावाचं अंगच बदलतं. एक बनवलेला नमुना घेऊ:

"दोन वर्षांपूर्वी मी रुजू झाले. शिंदे सर तेव्हापासून पाळी-प्रमुख आहेत. वर्षाला त्यांनी एकदा असंच मागच्या खोलीत बोलावलं होतं. शिंद्यांचं वागणं सगळ्यांना माहीत आहे."

यात "शिंदे" शोधून "मोरे" केलं, तर दुसऱ्या वाक्यातलं नाव बदलतं. शेवटच्या वाक्यातलं "शिंद्यांचं" तसंच राहतं, कारण तिथे "शिंदे" ही अक्षरं सलग नाहीतच. खरं आडनाव बाहेर गेलं, आणि तुमची समजूत की झाकलं. उलट "वर्षा" शोधून "रेखा" केलं की पहिलं वाक्य "दोन रेखांपूर्वी" होतं. "राम" शोधलंत तर "आराम" आणि "ग्रामपंचायत" दोन्ही मोडतात.

त्यामुळे नाव नाही, नावाचं न बदलणारं अंग शोधायचं. "शिंद" शोधा, "शिंदे" नको. Replace All न मारता एकेक ठिकाणी थांबून बघा. बदली नाव त्याच लिंगाचं आणि त्याच शेवटाचं घ्या: शिंदेला मोरे, वर्षाला रेखा, सावंतला भगत. मग प्रत्यय जागच्या जागी बसतात. "व्यक्ती-१ने" असं सांकेतिक केलं की यंत्र प्रत्यय सोडून देतं आणि कोणी कोणाला काय केलं हेच उलटंपालटं होऊ शकतं. कोणाच्या बदली कोण, ही जंत्री कागदावर हाताने लिहा आणि तक्रारीच्या फाइलीत ठेवा, त्याच संगणकावर नको.

शेवटी एक वाचन फक्त एवढ्यासाठी करा: लाडाची नावं, "सर" आणि "मॅडम" यांच्या आधीचे शब्द, ईमेलची सही, गाडीचा नंबर, लोकलचं स्टेशन.

---

रातराणी

शब्दवेल्हाळ, तुमची पद्धत पत्रव्यवहाराला चांगली आहे, पण अशा तक्रारीला ती लागू पडत नाही, हे मला ठामपणे सांगायचं आहे. तक्रारीत काय असतं ते बघा. "रात्रपाळीला पॅकिंगमध्ये मी एकटीच बाई आहे." या वाक्यात नाव नाही, तरी त्या इमारतीतला प्रत्येक माणूस ओळखेल. घटनेची तारीख, कोणती पाळी, कोणती लिफ्ट, त्या दिवशी कोण रजेवर होतं, यावरून माणूस ओळखू येतो. आणि हे तपशील काढले तर ती तक्रार राहत नाही, कारण चौकशीला तेच हवे असतात. नावं झाकून बाकीचं उघडं टाकायचं आणि गोपनीयता पाळली असं लिहायचं, हे त्या बाईवर अन्याय करणारं आहे.

---

जाळेवाला

रातराणींशी सहमत. नावं बदलणं हे दहिसरच्या पत्रासाठी. या चार पानांसाठी मोफत साइट नकोच, नावं बदलूनही नको.

---

शब्दवेल्हाळ

मान्य. मी गोरेगावकरांच्या Replace All ला उत्तर देत होतो, पण या प्रकरणासाठी ते पुरेसं नाही हे बरोबर. मात्र माणूस-अनुवादकाला काम दिलंत म्हणजे प्रश्न सुटला असंही समजू नका. फोर्टात कोर्टाच्या आसपास प्रमाणित अनुवाद करून देणारे पुष्कळ आहेत. कागद व्हॉट्सॲपवर मागवतात, आणि बऱ्याच ठिकाणी पहिला खर्डा मोफत साइटवरच काढला जातो, मग माणूस तो दुरुस्त करतो. दर फार कमी आणि "तासाभरात देतो" असं उत्तर आलं तर तीच शक्यता जास्त. गोपनीयतेच्या करारात नुसतं "मजकूर गुप्त ठेवीन" पुरत नाही. "मजकुराचा कोणताही भाग कोणत्याही ऑनलाइन अनुवाद सेवेत टाकणार नाही, काम झाल्यावर प्रत नष्ट करून तसं लेखी कळवीन" हे वाक्य स्वतंत्र हवं.

---

पायथॉन_पाटील

यंत्रच वापरायचं असेल तर ते आपल्या लॅपटॉपवर चालवा, मजकूर बाहेर जाणारच नाही. आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारत या गटाचं IndicTrans2 आहे, २०२३ मध्ये आलं, मुक्त परवान्याचं, आठव्या अनुसूचीतल्या २२ही भाषांसाठी. मराठीतून इंग्रजीसाठी `ai4bharat/indictrans2-indic-en-dist-200M` हे छोटं मॉडेल साध्या ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर, ग्राफिक्स कार्डाशिवाय चालतं. वाक्याला थोडा वेळ लागतो, पण चार पानांचं काम आहे. भाषेच्या खुणा `mar_Deva` आणि `eng_Latn`.

मॉडेल एकदा उतरवून घ्या. मग विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हे लिहा आणि त्याच खिडकीतून अनुवाद चालवा, म्हणजे कार्यक्रम स्वतःहून मॉडेलच्या संकेतस्थळाकडे जाणार नाही:

```
set HF_HUB_OFFLINE=1
```

त्यानंतर वाय-फाय बंद करा आणि मगच तक्रारीची फाइल पेनड्राइव्हवरून आत घ्या. वाय-फाय बंद असताना अनुवाद झाला तर दुसऱ्या पुराव्याची गरजच नाही. हे मॉडेल वाक्यावाक्याने काम करतं, त्यामुळे लांब वाक्यं आधी तोडून घ्या आणि सर्वनामं कोणाकडे जातात हे माणसाने मराठीशी ताडून बघितलंच पाहिजे.

---

मढची_वाट

पाटीलसाहेब, आमच्या एचआरला हे जमणार नाही. यापेक्षा साधं काही?

---

पायथॉन_पाटील

फोनवर गुगल ट्रान्सलेटचं ॲप. "Downloaded languages" मध्ये मराठी उतरवून घ्या, मग एरोप्लेन मोड. नेट चालू असेल तर भाषा उतरवलेली असूनही ॲप ऑनलाइनच जाऊ शकतं, म्हणून एरोप्लेन मोड सोडू नका. दर्जा ऑनलाइनपेक्षा कमी असतो.

---

जाळेवाला

त्यात भर. ॲपमधून आधी साइन आउट करा, आणि नेट परत चालू करण्याआधी ॲपची हिस्टरी पुसा. नाहीतर नेट आल्यावर ती नोंद खात्यात चढायची वाट मोकळी राहते. आणि कागदाचा फोटो काढून ॲपला देऊ नका. फोटो गॅलरीत जातो, गॅलरीचा बॅकअप चालू असतो, आणि मग त्या बाईची हस्ताक्षरातली तक्रार कोणाच्या तरी खासगी खात्यात जाऊन बसते.

लॅपटॉपवरही तीच गोष्ट. कंपनीच्या यंत्रांवर Desktop आणि Documents ही फोल्डरं पुष्कळदा आपोआप वनड्राइव्हला जोडलेली असतात. ते कंपनीचंच आहे हे खरं, पण ती कोणाकोणाला उघडता येतात हे समितीला माहीत नसतं, आणि तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे तो कोणत्या विभागात आहे हे मला माहीत नाही. विंडोजमध्ये Win+V दाबून क्लिपबोर्डची यादीही रिकामी करा, पेस्ट केलेले तुकडे तिथे राहतात.

कंपनीला पैसे मोजून सेवा घ्यायची असेल तर गुगलचीच क्लाउड ट्रान्सलेशन सेवा आहे. मोफत खोक्यापेक्षा तिच्या अटी वेगळ्या आहेत. मजकूर फक्त अनुवाद देण्यासाठी वापरतात, मॉडेल शिकवायला नाही. महिन्याला पहिली ५ लाख अक्षरं फुकट, पुढे दर १० लाखांना २० डॉलर. तुमचा मजकूर फुकटातच बसतो. पण खातं कंपनीच्या नावे आणि करारासह हवं, कोणाच्या खासगी नावावर नको. डीपएलचंही असंच, मोफत आणि सशुल्क यांच्या अटी वेगळ्या. मोफतमध्ये व्यक्तिगत माहिती टाकूच नका असं त्यांच्या अटीच सांगतात.

---

मढची_वाट

आणखी एक घडलं आहे. टाइप केलेलं पान सहकाऱ्याने ऑफिसच्या वेबमेलवर मला पाठवलं, मी ते क्रोममध्ये उघडलं तर वर "हे पान अनुवादित करायचं का?" अशी पट्टी आली. मी काही दाबलं नाही. तरी गेलं का?

---

जाळेवाला

तुम्ही दाबलं नसेल तर पानाचा मजकूर अनुवादाला गेलेला नसतो. पान कुठल्या भाषेत आहे हे क्रोम तुमच्याच यंत्रावर ओळखतो. पण एखाद्याने पूर्वी कधी "मराठी नेहमी अनुवादित करा" निवडलं असेल, तर न विचारता अनुवाद होतो आणि तो मजकूर गुगलकडे जातो. हे समितीच्या प्रत्येक सदस्याच्या यंत्रावर तपासा. `chrome://settings/languages` उघडा आणि Google Translate चं बटण बंद करा. आयटीला सगळ्या यंत्रांवर एकदम बंद करायचं असेल तर `TranslateEnabled` हे धोरण आहे, क्रोमला आणि एजलाही याच नावाने.

अनोळखी अनुवाद एक्स्टेन्शन असतील तर काढून टाका. ती पानावरचं सगळं वाचण्याची परवानगी घेऊन बसलेली असतात.

---

खारदांडा_वकील

धागा आत्ता पाहिला. कायद्याचं थोडक्यात. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याचं कलम १६ सांगतं की तक्रारीतला मजकूर, तक्रारदार, प्रतिवादी व साक्षीदार यांची ओळख आणि चौकशीची माहिती जनतेला, वृत्तपत्रांना वा माध्यमांना कोणत्याही प्रकारे कळवायची नाही. तक्रार हाताळणाऱ्याने हे मोडलं तर कलम १७ खाली दंड, आणि नियम १२ प्रमाणे ती रक्कम ५,००० रुपये.

आता मोफत साइटवर पेस्ट करणं म्हणजे "जनतेला कळवणं" होतं का? माझ्या मते नुसत्या पेस्टने लगेच होत नाही, कारण पलीकडे एक सेवा आहे, जनता नाही. नॉर्वेसारखं उघड्यावर आलं तर मात्र हात वर करता येणार नाहीत.

---

रातराणी

मला हे पटत नाही. कलमात "कोणत्याही प्रकारे" असं आहे. ज्याच्या अटी तुम्ही वाचल्या नाहीत अशा तिऱ्हाइताच्या हाती तिचा कागद देणं, हे त्याच कलमाच्या विरुद्ध आहे.

---

खारदांडा_वकील

तुमचं म्हणणं कोर्टासमोर मांडता येईल असं आहे, मी ते फेटाळत नाही. शिवाय वैयक्तिक विदा संरक्षणाचा २०२३चा कायदा आहेच. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याने, १८ महिन्यांनी लागू होतात. तो पूर्ण लागू झाला की वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटींपर्यंतचा दंड कंपनीवर येऊ शकतो. तेव्हा "सहकाऱ्याने स्वतःच्या ब्राउझरमधून केलं" हा बचाव कंपनीला फार उपयोगी पडणार नाही.

पण मूळ प्रश्नाकडे एकदा परत बघू या. चार पानांचं इंग्रजी नेमकं कोणाला हवं आहे? मुख्य कार्यालयाला मूळ तक्रार का हवी? कलम १३ प्रमाणे चौकशी संपल्यावर १० दिवसांत समिती नियोक्त्याला अहवाल देते, म्हणजे निष्कर्ष आणि शिफारस. तो अहवाल समिती थेट इंग्रजीत लिहू शकते. मूळ तक्रार मुख्य कार्यालयाच्या ईमेलमध्ये फिरायचं कारण नाही, आणि ती मागणी समितीने लेखी नाकारावी.

उरल्या बाहेरच्या सदस्य. त्यांना समजलं पाहिजे, यात वाद नाही. समितीत मराठी जाणणारं कोणी असणारच. बंद खोलीत त्यांनी वाक्य वाचायचं, तोंडी इंग्रजी सांगायचं, दुसऱ्याने नेट बंद केलेल्या यंत्रावर टाइप करायचं. मग ते तक्रारदाराला वाचून दाखवायचं, तिच्या भाषेत समजावून, आणि "हा अर्थ बरोबर आहे" अशी तिची सही घ्यायची. चार पानांना एक दुपार लागेल. यंत्राच्या कोणत्याही अनुवादापेक्षा ही प्रत चौकशीत जास्त टिकते, कारण प्रतिवादीचा वकील पहिला हल्ला अनुवादावरच करतो.

घाई का होते तेही माहीत आहे. तक्रार आल्यापासून सात कामाच्या दिवसांत प्रतिवादीला प्रत द्यायची असते, म्हणून लोक पेस्ट करून मोकळे होतात. पण प्रतिवादीला द्यायची प्रत मूळ मराठीच देता येते. इंग्रजीसाठी ती अडवून ठेवू नका.

---

जाळेवाला

हे उत्तम. मग उरलं ते पुसण्याचं काम. मढची वाट, आजच करून घ्या, दिवस जातील तशी ती हिस्टरी आणखी यंत्रांवर पोचत राहील.

---

खारदांडा_वकील

थांबा. पुसण्याआधी नोंद करा. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या खात्यातून, कोणत्या साइटवर, तक्रारीची कोणती पानं, किती तुकड्यांत गेली, याचं टिपण सहकाऱ्याच्या सहीने समितीच्या फाइलीत हवं. मजकूर त्यात उतरवू नका. आधी पुसलंत आणि उद्या कोणी विचारलं तर पुरावा नष्ट केला असं दिसेल.

---

जाळेवाला

हरकत नाही, पण स्क्रीनशॉट काढू नका. त्यात तोच मजकूर येतो आणि पाचवी प्रत तयार होते. हाताने लिहा.

क्रम असा ठेवा. टिपण झाल्यावर सहकाऱ्याने स्वतः, सचिवांच्या देखत, आधी My Activity मधून ट्रान्सलेटच्या नोंदी काढायच्या, मग "Saved" बघायचं, मग ब्राउझर हिस्टरीत `translate` शोधून त्या दिवसाच्या सगळ्या नोंदी पुसायच्या. सिंक चालू असतानाच पुसा, म्हणजे ते पुसणं बाकीच्या यंत्रांवरही पोचतं. सिंक आधी बंद केलंत तर घरच्या लॅपटॉपवरची प्रत तशीच राहते. शेवटी टाइप केलेल्या फाइलीच्या प्रती बघा: डाउनलोड्स, वेबमेलचं "पाठवलेले", कचरापेटी.

---

चिंचपोकळी

एक शंका. ते वाक्य बाहेर आलंय का हे बघायला गुगलवर अवतरणात टाकून शोधलं तर?

---

जाळेवाला

तर तेच वाक्य शोधयंत्राला दिल्यासारखं होईल, आणि ते परत हिस्टरीत जाईल. नाव किंवा घटना नसलेले चारपाच साधे पण वेगळ्या क्रमाचे शब्द घेऊन, लॉगिन न करता बघता येतं. काही सापडलं नाही म्हणजे नाहीच, असा त्याचा अर्थ होत नाही.

---

मढची_वाट

सगळ्यांचे मनापासून आभार. सहकाऱ्याशी बोलले. साइट गुगलचीच होती, खातं त्यांचं खासगी, मजकूर तुकड्यांत गेला होता, आणि घरच्या लॅपटॉपवर सिंक चालू आहे. टिपण उद्या सकाळी करते आणि लगेच पुसायला बसते. उरलेली दोन पानं वकीलसाहेबांनी सांगितलं तशी, बंद खोलीत. समितीत आम्ही तिघी मराठी आहोत. पहिल्या दोन पानांचं यंत्राचं इंग्रजी वापरणार नाही, तेही नव्याने करू.

एकच ठरत नाही. तक्रारदाराला हे सांगायचं का? एचआरचं म्हणणं आहे की ती आधीच घाबरलेली आहे, उगाच विश्वास उडेल.

---

रातराणी

सांगायचं. कागद तिचा आहे. इंग्रजी प्रतीवर तिची सही घ्यायला बसाल तेव्हा, सहीच्या आधी.

---

खारदांडा_वकील

कायद्यात या क्षणी तसं बंधन मला स्पष्ट दिसत नाही, आणि समितीतच यावर मतभेद होतील. सांगायचं ठरलं तर तोंडी नको, टिपणाची प्रत द्या. न सांगायचं ठरलं तर तो निर्णय कोणी, का घेतला हे इतिवृत्तात लिहा.

---

गोरेगावकर_७

माझी इन्कॉग्निटोची सूचना मागे घेतो. सिंकबद्दल एक विचारायचं आहे: फोनवर क्रोमऐवजी दुसरा ब्राउझर असेल, पण खातं तेच, तर तिथेही जातं का?

---

जाळेवाला

ब्राउझरची हिस्टरी नाही जाणार, ती त्या त्या ब्राउझरच्या सिंकमधूनच फिरते. पण My Activity मधली नोंद खात्याची असते. त्या खात्याने कुठल्याही ब्राउझरमधून आत गेलात तर ती दिसते, म्हणून मढची वाट यांना ती सगळ्यात आधी काढायला सांगितली.